आईचं कानाचं मशीन: दिवाळी ते पावसाळा, वापरून काय वाटलं

आईचं वय ७९. तिचा प्रॉब्लेम असा की आवाज येतो पण शब्द कळत नाही, कारण वरच्या सुरांचं ऐकणं गेलंय, म्हणजे "साखर" म्हटलं की तिला नुसतं "आखर" पोचायचं.

दुकानात सगळे आधी कानात लपणारं छोटं मशीन पुढे करतात. आई म्हणाली, "दिसू दे की, चष्मा नाही का दिसत?" शिवाय तिची बोटं संधिवाताने आखडलेली, त्यातली इवलीशी बॅटरी बदलणार कोण? मग ट्रायलला आरआयसी आणलं, म्हणजे मशीन कानामागे आणि स्पीकर वायरने कानात. आवाज एकदम छान होता, खोटं कशाला बोलू. पण तिच्या कानात मळ खूप होतो, त्याने स्पीकरची जाळी बुजायची आणि आवाज बसायचा, आणि ती जाळी पिनने बदलणं तिच्याच्याने होईना. शेवटी साधं बीटीई घेतलं, म्हणजे सगळं मशीन कानामागे, कानाच्या मापाचा मोल्ड करून, १३ नंबरच्या बॅटरीवालं. यात स्पीकर वर मशीनमध्येच असतो, आवाज नळीने मोल्डमध्ये येतो, मळ झाला तर मोल्ड नळीसकट काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचा (मशीन नाही हां!), आणि फुग्याच्या पंपाने नळीतलं पाणी उडवायचं, नीट वाळला की परत लावायचा. हे ती स्वतः करते.

पण खरा फरक पडला तो फिटिंगने. पहिल्या ठिकाणी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, कॉम्प्युटरमध्ये टाकून आपोआप आलेलं सेटिंग दिलं, त्यात भांडी आदळल्यासारखी वाजायची आणि शब्द तसेच अर्धवट. नंतर दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टने रिअल इअर मेजरमेंट केलं, कानात पडद्याजवळ बारीक नळी सोडून मशीनचा आवाज प्रत्यक्षात तिथे किती पोचतो ते मोजलं, तर वरचे सूर बरेच कमी पडत होते. ते वाढवले, जोराच्या आवाजांची मर्यादा खाली आणली, आणि "साखर" आली. घेण्याआधी विचाराच, हे मोजमाप करता का? मशीनमध्ये चॅनल, म्हणजे आवाजाचे वेगवेगळे सेट करता येणारे पट्टे, किती हे त्यानंतर.

जुलैत एकदा मशीन मेलं असं वाटलं. नळीत दमटपणाने पाण्याचा थेंब अडकला होता, पंप मारला, चालू. तेव्हापासून रात्री बॅटरी काढून मशीन सिलिका जेलच्या डबीत. आणि शिट्टी वाजली तर नव्वद टक्के वेळा मोल्ड नीट बसलेला नसतो, किंवा मळ साचलेला असतो.

सर्व्हिसचं म्हणाल तर नळी काही महिन्यांनी पिवळी पडून कडक होते, ती जवळच्या क्लिनिकमध्ये बसल्याबसल्या बदलून मिळाली पाहिजे, नाहीतर आई बहिरी बसून राहणार. रिपेअरला मशीन गेलं तर बदली देतात का तेही लिहून घ्या, आम्हाला एका ठिकाणी चक्क नाही म्हणाले. तपासणी आणि दुसरं मत हवं असेल तर वांद्रे रिक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, सरकारी आहे, फी आणि वेळ आधी फोन करून विचारा.

लग्नाच्या हॉलमध्ये अजूनही तिला काही कळत नाही, तिथे समोर बसून बोलावंच लागतं.