फुकट कीबोर्ड थीमच्या नावाखाली दर आठवड्याला पैसे कापले गेले

अक्षर दाबलं की बोटाच्या वर रंगीत फुगा उमटतो आणि मागे चांदण्या हलतात, अशी जाहिरात पाहून मी एक कीबोर्ड थीमचं ॲप घेतलं. ‘टायपिंग अजिबात स्लो होणार नाही’ असं त्यात ठळक लिहिलं होतं.

सुरुवातीलाच ॲपने `Display over other apps` ही परवानगी मागितली, कारण काय तर ‘फुगा दिसण्यासाठी’. ही शुद्ध थाप. आपल्या कीवरचा फुगा कीबोर्ड स्वतःच काढतो, त्यासाठी ही परवानगी लागतच नाही. ती हवी होती जाहिरातींसाठी. दुसरंच काही वाचत असताना अख्ख्या स्क्रीनवर जाहिरात येऊन बसायची.

मग टायपिंग रखडायला लागलं. ‘नमस्कार’ लिहिताना बोट ‘र’वर पोचलेलं असायचं आणि स्क्रीनवर अजून ‘नम’च. तेवढ्यात कीबोर्डच्या वरच्या पट्टीत ‘टायपिंग फास्ट करा’ असं चमकणारं बटण आलं. दाबल्यावर तीन दिवस फुकट ट्रायल. पुढे दर आठवड्याला आपोआप पैसे कापले जातील, हे खाली फिकट राखाडी बारीक अक्षरात. ट्रायल घेतल्याबरोबर टायपिंग सुरळीत झालं, पण चांदण्याही थांबल्या होत्या! संशय आला म्हणून ट्रायल न घेतलेल्या दुसऱ्या फोनवर तेच ॲप टाकलं आणि सेटिंगमधून हलती थीम काढून साधी लावली. तिथेही वेग तितकाच आला. म्हणजे आधी यांनीच अडकवायचं आणि मोकळं करायचे पैसे घ्यायचे.

ॲप काढून टाकलं, तरी पुढच्या आठवड्यात पैसे गेले. सबस्क्रिप्शन ॲपला नाही, प्ले स्टोअरच्या खात्याला जोडलेलं असतं. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या फोटोवर दाबून `Payments & subscriptions` आणि मग `Subscriptions` मध्ये जाऊन ते रद्द करावं लागतं. पैसे कापल्यापासून 48 तासांच्या आत गूगल प्लेकडे रिफंड मागता येतो. त्यानंतर ॲपवाल्याच्या मागे लागा, आणि माझ्या ॲपवाल्याने एकाही मेलला उत्तर दिलेलं नाही.

खरं तर हवं ते सगळं गूगलच्या Gboard कीबोर्डमध्ये फुकट होतं. `Theme` मध्ये आपला फोटो लावायचा आणि अक्षरं उठून दिसतील इतका तो गडद करायचा. फुग्यासाठी `Preferences` मध्ये `Popup on keypress` चालू करायचं. फुग्याचे रंगीबेरंगी प्रकार तिथे मिळत नाहीत, हे मान्य. पण फोटो स्थिर असतो, हलत्या थीमसारखा सतत नव्याने काढावा लागत नाही, म्हणून टायपिंगवर त्याचा भार जाणवत नाही. फोन जुना असेल आणि तरीही अडकलं, तर आधी फुगा बंद करून तेच वाक्य भरभर लिहून पाहा, मग कीचं व्हायब्रेशन बंद करून.

असलं ॲप वापरून झालं असेल तर आणखी एक काम उरतं. कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड एक इशारा दाखवतं की हा कीबोर्ड तुम्ही लिहिलेला सगळा मजकूर, पासवर्डसकट, गोळा करू शकतो. आपण तो न वाचताच `OK` करतो. त्या काळात त्यावरून टाईप केलेले पासवर्ड बदलून घ्या, बँकेचा सगळ्यात आधी.