आत्याच्या सात मिनिटांच्या व्हॉइस नोटमधून चार ओळींचा मेसेज: काही महिने वापरल्यानंतर

माझी मोठी आत्या वाईच्या पश्चिमेला, धोम धरणाच्याही आत असलेल्या गावात एकटी राहते. तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, ठाण्याला. मी पुण्यात. तिला टाइप करता येत नाही आणि दादाला लांब नोटा ऐकायला वेळ नसतो, म्हणून त्या माझ्याकडे येतात. त्यातलं काम तेवढं काढून दादाला लिहून पाठवायचं, हे गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडे आहे. त्यासाठी काय काय वापरून पाहिलं, काय टिकलं आणि काय सोडलं, ते लिहिते.

आधी सोडलेल्या गोष्टी. माझ्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्या ट्रान्सक्रिप्टसाठी भाषांची जी यादी येते त्यात मराठी नव्हती, त्यामुळे तो रस्ता बंद. मग नोट एका फोनवर लावून दुसऱ्या फोनच्या जीबोर्डसमोर धरली. जीबोर्डच्या बोलून टायपिंगमध्ये मराठी २०१७ पासून आहे आणि मी स्वतः बोलले तर ते छान लिहितं. पण आत्याची नोट त्याच्या आवाक्यातली नाही. ती मधे दम खाते, तेवढ्यात त्याचा माइक बंद होतो. ‘थांबंना’, ‘औंदा’, ‘तवा’ यांचं काहीतरी भलतंच होतं. मागे कोंबडा किंवा टीव्ही असला की संपलंच. आणि सगळं अचूक उतरलं असतं तरी हाती काय आलं असतं? विरामचिन्हं नसलेली दोन पानं. दादाला ऐकायला वेळ नव्हता, वाचायला कुठून मिळणार?

टिकलेली पद्धत साधी आहे. पहिल्यांदा दीडपट वेगाने, न थांबवता ऐकायचं. दुप्पट वेगाने आत्याचा ‘नको’ निसटतो, म्हणून तो वेग मी वापरत नाही. ऐकताना पाठकोऱ्या कागदावर फक्त वेळ आणि एक शब्द: ‘२:१० अंगठा’, ‘४:३५ गोळी’. दुसऱ्या वेळी तेवढ्याच जागा मूळ वेगाने ऐकायच्या. मग नोट बंद करून, आपल्या शब्दांत, जीबोर्डला एकेक वाक्य बोलून दाखवायचं. परदेशी वाहिन्यांवर थेट कार्यक्रमांच्या सबटायटलसाठी एक माणूस कानात ऐकत तेच स्वच्छ आवाजात यंत्राला पुन्हा सांगतो, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच की मी सगळं सांगत नाही. सात मिनिटांच्या नोटेला पंधरा-वीस मिनिटं जातात. याहून लवकर उरकलं तर काहीतरी सुटलेलं असतं.

खरं काम कुठे आहे ते एका नोटेवरून सांगते. ऑक्टोबरच्या सुरुवातीची नोट आहे, सातेक मिनिटांची. त्यातला शंकर आत्याच्या घराजवळच राहतो. सुरुवात अशी:

‘हां, ऐकतीयास का गं? इकडं पाऊस काय थांबंना बघ. भात सगळं आडवं झालंय. शंकर म्हणत हुता मोटार जळली. मी म्हटलं दादाला सांगू नवी आणाय. पर ऱ्हाऊ दे आता, त्यानं वायंडिंग करून आणली. बरं ते जाऊ दे, पेन्शनचं काय करायचं? माझा अंगठा काय उमटत न्हाय. गेल्या साली तीन हेलपाटे घातले. दिवाळीला यालच की तुम्ही, तवा बघू.’

पुढे सुमनच्या लेकाचं लग्न, कोरेगावची मुलगी, मानपानाची बोलणी. मग गोळी: ‘सकाळची बीपीची, ती चाळीसची, चारच ऱ्हायल्यात.’ त्यानंतर चुलत जावेबद्दल दीड मिनिट. आणि अगदी शेवटी, ठेवता ठेवता: ‘चष्म्याची काडी मोडलीया, दोरा बांधलाय, चालतंय.’

मोटारीची मागणी आली आणि तिथल्या तिथे मागेही घेतली गेली. पहिलं वाक्य ऐकून लिहायला बसलं तर दादा नवी मोटार घेऊन येईल. माझ्या अनुभवात आत्या मागणी मागे घेते ती ‘ऱ्हाऊ दे’, ‘जाऊ दे’, ‘बघू’ असं म्हणूनच. पण हेच शब्द ती संकोचानेही वापरते, पंचाईत तिथे आहे. मी मागचं-पुढचं वाक्य बघते. ‘ऱ्हाऊ दे’च्या मागे कारण असेल (वायंडिंग झालं) तर मागणी संपली. कारण नसेल, नुसतं ‘चालतंय’ असेल, तर ती संपलेली नाही. चष्मा असा आला. तिने मागितलेला नाही, पण सांगितला आहे, तोही शेवटच्या वीस सेकंदांत. तिच्या नोटांचा शेवट मी कधीच पळवत नाही. अडचणीची गोष्ट ती तिथेच ठेवते.

पेन्शनची गोष्ट वेगळी. अंगठा म्हणजे हयातीचा दाखला. तिच्या बँकेत तो नोव्हेंबरात घेतात. शेतात राबलेल्या हातांच्या रेषा वयाबरोबर झिजतात आणि यंत्राला ठसा मिळत नाही, म्हणून ते हेलपाटे. त्यावर उपाय आहे: जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेत २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो. स्मार्टफोनवर जीवन प्रमाणचं आणि आधार फेस आरडी अशी दोन अ‍ॅप लागतात, आधार क्रमांक आणि पेन्शनचा तपशील लागतो. पण आत्या म्हणाली ‘दिवाळीला’, आणि २०२५ ची भाऊबीज होती २३ ऑक्टोबरला. म्हणजे तिने सांगितलेल्या दिवशी तिला हवं ते काम होणार नव्हतं. अशा वेळी मोह होतो की आपणच गुपचूप ‘नोव्हेंबर’ लिहून टाकावं. तसं करायचं नाही. तिचं म्हणणं तिच्या नावावर आणि माझी पुस्ती माझ्या नावावर. नाहीतर दादा तिला फोनवर विचारतो, ती म्हणते ‘मी कुठं नोव्हेंबर म्हटलं?’, आणि मग दोघंही माझ्या मेसेजवर विश्वास ठेवत नाहीत.

गोळीच्या बाबतीत मी अजिबात ऐकण्यावर जात नाही. ‘चाळीसची’ म्हणजे टेल्मिसार्टन ४० हे मला माहीत होतं. पण तीच चाळीस आणि सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशीही गोळी मिळते, आणि पट्टीवरच्या नावात कधी कधी शेवटच्या एका अक्षराचाच फरक असतो. मी शंकरच्या मुलाला सांगून पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो मागवला. आत्याची गोळी ती दुसरी, जोडगोळी निघाली. डॉक्टरांनी उन्हाळ्यात बदलून दिलेली, हे नोटेत कुठेच नव्हतं. त्यामुळे औषधाचं नाव मेसेजमध्ये मी लिहीतच नाही. ‘फोटो बघ’ एवढंच.

लिहून झाल्यावर ते आधी आत्याला परत सांगते, तेही बोलून, कारण स्क्रीनवरचं तिला दिसत नाही: ‘आत्या, दादाला तीन गोष्टी सांगतेय. एक गोळी, दोन दाखला, तीन चष्मा. मोटार नको. बरोबर?’ ही पायरी मी एकदाही गाळत नाही, कारण उत्तर नुसतं ‘हां’ असं क्वचितच येतं. या वेळी आलं, ‘चष्म्याचं कशाला सांगतीस, खर्च नको. बरं सांग, पर जुनी काच तीच ठेवा म्हणावं.’ म्हणजे नवा चष्मा नको, काडी हवी. दादाकडे गेलेला मेसेज असा होता:

‘दादा, आत्याची तीन कामं. तिला ऐकवून खात्री केली आहे.
१. बीपीची गोळी रविवारच्या आत. चारच उरल्यात. पट्टीचा फोटो खाली आहे, हुबेहूब तीच. वाईच्या मेडिकलला तू फोन करून पैसे भर, शंकर आणून देईल.
२. पेन्शनचा दाखला. ती दिवाळीला करू म्हणते. (माझी पुस्ती: बँक नोव्हेंबरात घेते. अंगठा उमटत नाही, चेहऱ्याने काढावा लागेल. १ नोव्हेंबरनंतरचा एक शनिवार-रविवार सांग.)
३. चष्म्याची काडी मोडली. काच तीच ठेवायची आहे. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा.
मोटार दुरुस्त झाली, नवी नको.’

क्रम तिच्या बोलण्याचा नाही, निकडीचा आहे. कारण फक्त तिथेच ठेवलं जिथे त्याने काम बदलतं: ‘अंगठा उमटत नाही’ राहिलं, तीन हेलपाटे गेले. मोटारीची ओळ मुद्दाम आहे, कारण शंकरकडून ती बातमी दादाला परस्पर कळणारच होती. आणि चुलत जावेचं दीड मिनिट माझ्यापाशी थांबलं. ते माझ्याशी बोलणं होतं, काम नव्हतं. हा मेसेज मी कुटुंबाच्या ग्रुपवरही टाकत नाही. तिथे सगळे अंगठा दाखवतात आणि कुणीच काही करत नाही. ज्याचं काम त्याच्याच खात्यात जातं.

तोटे आहेत, आणि पहिला चांगलाच खटकणारा. आत्याला महिनाभरातच जाणवलं की माझी उत्तरं आखूड झालीत. ‘तू काय तपासणीला बसल्यागत ऐकतीस’, असं ती सरळ म्हणाली. तेव्हापासून तिला परत ऐकवताना आधी भाताचं विचारते, सुमनच्या लेकाचं विचारते, आणि मग एक-दोन-तीन. त्याने तीन मिनिटं वाढतात, पण ती पुढच्या वेळी मोकळी बोलते. ती मोकळी बोलली नाही तर चष्म्यासारखी गोष्ट नोटेत येणारच नाही.

दुसरा तोटा दादाच्या बाजूचा. चार ओळींत आईचा आवाज उरत नाही. दम लागला आहे, सर्दी आहे, रडवेली आहे, हे अक्षरात येत नाही. म्हणून आवाज वेगळा वाटला तर मी मूळ नोट पुढे पाठवते आणि लिहिते, ‘५:२० पासून ऐक, दम लागतोय.’ एवढं तुकड्यापुरतं तो ऐकतो.

मिनिटाच्या आतल्या नोटेला हा सगळा खटाटोप करू नये, सरळ फोन लावावा. पैशांचा आकडा किंवा खाते क्रमांक असला तरी फोनच, कारण ‘दीडशे’ आणि ‘अडीचशे’ घोगऱ्या आवाजात सारखेच ऐकू येतात. आणि छातीत दुखतंय, चक्कर आली असं नोटेत कुठेही कानावर पडलं की कागद बाजूला, आधी शंकरला फोन. तो दोन मिनिटांत तिच्या दारात पोचतो.