लसीकरणाचं ॲप 11 महिने वापरून: डोस लांबला की तारखा कशा चुकतात

मुलगा दीड महिन्याचा व्हायच्या आधी हे ॲप घेतलं, आता तो 11 महिन्यांचा आहे. मोठीचंही सगळं त्यातच टाकलंय. मी नोकरी करते, नवऱ्याची शिफ्ट असते, त्यामुळे तारखा लक्षात ठेवायचं काम फोनवर सोपवलं आणि वर्षाची वर्गणी भरली. फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत, जन्मतारीख टाकली की लसींची यादी येते, वजनउंचीचा आलेख येतो, रिमाइंडर येतो. ते परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते एकाच गोष्टीबद्दल, एखादा डोस उशिरा झाला की पुढच्या तारखा हे ॲप कशा काढतं.

मुलाचा जन्म 5 मार्चचा. पेंटाचे तीन डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना, म्हणजे 16 एप्रिल, 14 मे आणि 11 जून. ॲपने बरोबर याच तारखा दिल्या होत्या. पण 16 एप्रिलच्या आधी दोन दिवस बाळाला जोराचा ताप आला, छाती भरली, ॲडमिट करावं लागलं. त्यातून बरं होऊन ताकद यायला वेळ गेला आणि पहिला डोस 5 मेला झाला, 19 दिवस उशिरा. (साध्या सर्दीसाठी किंवा किरकोळ तापासाठी डोस पुढे ढकलायची गरज नसते हे मला नंतर नर्सने सांगितलं, आमचं आजारपण तसं नव्हतं.) घरी येऊन मी ॲपमध्ये 5 मे ही तारीख नीट भरली, समोर हिरवी टिक आली, मी निश्चिंत झाले.

13 मेला संध्याकाळी रिमाइंडर आला, "उद्या पेंटा 2." मी हाफ डे टाकला आणि बाळाला घेऊन गेले. नर्सने कार्ड उघडलं, बोट ठेवून तारीख वाचली आणि म्हणाली, "ताई, पहिला 5 तारखेला झालाय ना, 9 दिवसांत दुसरा कसा देणार? किमान चार आठवडे जाऊ द्या, 2 जूनला या." मी फोन दाखवला तर ती म्हणाली, "फोनला काय माहीत, कार्ड बघा." खरंच होतं ते. पहिल्या डोसने शरीर त्या जंतूची ओळख करून घेतं, ती ओळख पक्की व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ न देता दुसरा टोचला तर त्याचा पुरेसा उपयोग होत नाही, तो डोस धरतच नाहीत, नंतर परत द्यावा लागतो. उशीर चालतो. कितीही उशीर झाला तरी सुरुवातीपासून परत घ्यायचं नसतं, जिथे थांबलो तिथूनच पुढे जायचं. ॲपला नेमकं हेच उलटं वाटत होतं, त्याने उशिराचा डोस नोंदवून घेतला पण मोजणी जन्मतारखेपासूनच चालू ठेवली.

मी सपोर्टला लिहिलं, तारखा देऊन, हिशोब मांडून. उत्तर आलं की वेळापत्रक मार्गदर्शनासाठी आहे, डॉक्टरांचा सल्ला घ्या. मला राग आला, कारण माझी तक्रार लसीबद्दल नव्हतीच, बेरजेबद्दल होती. 5 मे अधिक 28 दिवस म्हणजे 2 जून, त्यापुढे 28 दिवस म्हणजे 30 जून, हे कॅलेंडर बघून कोणीही काढेल. पैसे देऊन घेतलेल्या ॲपला ते जमत नसेल तर वर्गणी कशासाठी? मी दुसरा आणि तिसरा डोस त्याच तारखांना करून घेतला, फोनच्या साध्या कॅलेंडरमध्ये लिहून. आणि एक स्टार दिला.

तेव्हाच हे लिहिलं असतं तर "घेऊ नका" एवढंच लिहिलं असतं. पण सप्टेंबरमध्ये अपडेट आला, "दिलेल्या तारखेनुसार पुढील डोस". मनापासून आनंद झाला, एक स्टारचे तीन केले. मग यादी खाली सरकवली तर गोवराच्या पहिल्या डोसची तारीख 24 डिसेंबर झालेली. आमची 9 महिन्यांची तारीख 5 डिसेंबर आहे. 5 आणि 24 मध्ये किती दिवस? 19. म्हणजे यांनी पेंटाला झालेला उशीर उचलून पुढच्या सगळ्या लसींना लावून टाकला!

गोवराचा पेंटाशी काही संबंध नाही. गोवराचा पहिला डोस वयावर ठरतो, कारण आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे फार लहान बाळात ही लस नीट काम करत नाही, ती प्रतिपिंडं कमी झाली की लस द्यायची. त्यानंतर विनाकारण 19 दिवस थांबणं म्हणजे ज्या आजारासाठी लस घ्यायची त्यालाच तेवढे दिवस दार उघडं ठेवणं. आणि ही चूक आधीच्या चुकीपेक्षा वाईट. आधीच्या वेळी नर्सने लगेच थांबवलं, इथे उशिरा गेलं तर कोणी थांबवणार नाही, लस मिळून जाईल आणि पालकांना कळणारही नाही.

मग मी शांतपणे बसून सपोर्टला परत लिहिलं. दोन तारखा काढा, एक वयाने येणारी, दुसरी मागच्या डोसपासून किमान अंतराने येणारी. दोन्हीत जी नंतरची, ती खरी. मागचा डोस म्हणजे त्याच लसीचा. सोबत आमचंच उदाहरण दिलं, पेंटानंतरच्या बूस्टरचं. तिसरा डोस 30 जूनला झाला, त्यानंतर किमान 6 महिने हवेत, म्हणजे 30 डिसेंबर. पण आमच्याकडे हा बूस्टर दीड वर्षाला ठरलाय, तो येतो पुढच्या वर्षी 5 सप्टेंबरला. नंतरची तारीख 5 सप्टेंबर, म्हणजे सुरुवातीचा 19 दिवसांचा उशीर तिथपर्यंत जिरून जातो, पुढे ढकलायचं काहीच नाही. यावेळी उत्तर माणसाने लिहिलेलं आलं, आणि नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये गोवर परत 5 डिसेंबरला आला, बूस्टर 5 सप्टेंबरला. मी दोन्ही कॅलेंडरशी ताडून बघितले. 5 डिसेंबरलाच गोवर झाला.

रिमाइंडरचं एकच सांगते. मध्ये काही दिवस ते येतच नव्हते, तो दोष ॲपचा नव्हता, फोनच्या बॅटरी सेव्हरने ॲप बंद केलं होतं. त्यातून या ॲपला वगळा आणि रिमाइंडर 7 दिवस आधीचा लावा, आदल्या संध्याकाळचा आला तर सुट्टी कोण देतं.

तपासणीच्या आलेखात मात्र घोळ आहे. मोठीची उंची 23व्या महिन्यात झोपवून मोजली होती, 85.5 सेंमी. 25व्या महिन्यात उभी करून मोजली, 86.6. ॲपने वाढ मंदावल्याचा लाल बाण दाखवला आणि माझ्या पोटात गोळा आला. तपासणीला नेलं तेव्हा कळलं की झोपवून घेतलेलं माप उभ्या मापापेक्षा साधारण 0.7 सेंमी जास्त भरतं, दोन वर्षांना मोजायची पद्धत बदलते म्हणून वाढीच्या तक्त्यातही तिथे तेवढी पायरी असते. तेवढं धरलं तर तिची वाढ व्यवस्थित आहे. ॲप झोपवून मोजलं की उभं करून हे विचारतच नाही, त्यामुळे त्याला कळणार कसं.

वर्गणी पुढच्या महिन्यात संपतेय. मी भरणार आहे, कारण दोन मुलांच्या तारखा आता बरोबर येतायत आणि बूस्टर अजून लांब आहे. पण प्रत्येक डोसनंतर कार्डाचा फोटो काढून ठेवते आणि ॲपने काढलेली पुढची तारीख नर्सने पेनाने लिहिलेल्या तारखेशी तिथेच, बाकावर बसून जुळवून बघते. सध्या चार स्टार. उंचीचं त्यांना कळवलंय, उत्तराची वाट बघतेय.