विक्रीचा हीटमॅप: महिन्यांच्या चौकटी की वर्षाची पट्टी?

रोजच्या विक्रीचा हीटमॅप, म्हणजे दिवसाला एक घर आणि विक्री जास्त तितका रंग गडद, दोन प्रकारे मांडता येतो. एक, भिंतीवरच्या कॅलेंडरसारख्या बारा चौकटी. दुसरी, वर्षाची लांब पट्टी: सात आडव्या ओळी म्हणजे सात वार, आणि प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक आठवडा. आमच्या फराळी पदार्थांच्या दुकानासाठी मी दोन्ही वापरून पाहिले.

चौकटी समजायला सोप्या. दुकानातल्या कुणालाही दाखवा, तारीख लगेच सापडते. पगाराच्या तारखेला विक्री वाढते का, हे बघायचं असेल तर त्याच बऱ्या.

मला अडचण आली ती श्रावणात. 2025 मध्ये श्रावणी सोमवार होते 28 जुलै आणि 4, 11, 18 ऑगस्ट. चौकटीत पहिला सोमवार जुलैच्या तळाशी एकटा पडतो आणि उरलेले तीन ऑगस्टमध्ये जातात. जुलैचा तो गडद ठिपका सुटा, कारण नसलेला वाटतो. पट्टीत मात्र सोमवारच्या फिकट ओळीत चार गडद घरं सलग दिसतात. महिना बदलला की आठवडा तुटतो, ही गोष्ट मला शेवटपर्यंत खटकत राहिली.

संकष्टीचंही तसंच. दोन संकष्टींमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस, म्हणजे चार आठवडे आणि वर एक-दोन दिवस. त्यामुळे पट्टीत हे ठिपके दर चार रकान्यांनी एक-दोन ओळी खाली सरकतात आणि तिरकी रांग धरतात. रविवार ओलांडला की पुन्हा वरून सुरुवात. 16 एप्रिल बुधवार, 16 मे शुक्रवार, 14 जून शनिवार, 14 जुलै सोमवार, 12 ऑगस्टला अंगारकी. तिरकी रांग दिसली की कारण तिथीत शोधावं, वारात नाही.

वेगळा दिवस ओळखताना घराची तुलना त्याच ओळीतल्या शेजाऱ्यांशी करा. 14 जुलैचा रंग आमच्या एखाद्या साध्या शनिवारइतकाच होता, पण सोमवारांमध्ये तो उठून दिसला. उलट 14 जूनची संकष्टी शनिवारच्या गर्दीत जवळजवळ लपली. तिथे पट्टीही फारशी मदत करत नाही.

रंगांची काळजी दोन्हीकडे घ्यावी लागते. दिवाळीच्या दोन-तीन दिवसांमुळे बाकीचं वर्ष फिकट पडतं, म्हणून गूगल शीट्सच्या कलर स्केलमध्ये मी Maxpoint ला Percentile निवडून 95 ठेवतो. दुकान बंद असेल त्या दिवशी शून्य न लिहिता घर रिकामं सोडतो.

पट्टीसाठी A रकान्यात तारखा असतील तर ही दोन सूत्रं पुरतात, पुढचं काम पिव्होट टेबलचं:

```
=WEEKDAY(A2,2)
=WEEKNUM(A2,2)
```

यातला 2 म्हणजे आठवडा सोमवारपासून. त्यामुळे शनिवार-रविवार खाली शेजारी-शेजारी येतात. तुमचा धंदा तारखांवर चालत असेल तर चौकटी कदाचित जास्त सोयीच्या पडतील. वार आणि उपवासांवर चालणाऱ्या दुकानाला मी तरी पट्टीच सुचवेन.