दरमहा 7,900 की 5,000 पासून चढती रक्कम? पंधरा वर्षांनंतरच्या फीची तजवीज

मूल तीन वर्षांचं आहे, पदवीचं शिक्षण अठराव्या वर्षी सुरू होणार, आणि चार वर्षांच्या त्या अभ्यासक्रमाला आज एकूण 10 लाख लागतात असं धरू. फी दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढली तर पंधरा वर्षांनी हाच आकडा सुमारे 31.7 लाख होतो. गुंतवणुकीवर वर्षाला 10 टक्के परतावा गृहीत धरला, तर तिथे पोचायच्या वाटा मुख्यतः दोन. एक, पंधरा वर्षं दरमहा तेवढीच रक्कम. दुसरी, आज थोडी कमी रक्कम आणि ती दरवर्षी वाढवत नेणं.

पहिल्या वाटेने दरमहा सुमारे 7,900 लागतात. दुसऱ्या वाटेने फीच्याच वेगाने, म्हणजे वर्षाला 8 टक्के, हप्ता वाढवायचा ठरवलं तर सुरुवात 5,000 वर होते. सातव्या वर्षी हा हप्ता 7,900 च्या पुढे जातो आणि शेवटच्या वर्षी 14,700 च्या घरात पोचतो. खिशातून जाणारी एकूण रक्कम पहिल्या वाटेत सुमारे 14.2 लाख, दुसरीत 16.3 लाख. दोन लाख जास्त जातात ते उशिरा भरलेल्या पैशाला वाढायला कमी वेळ मिळतो म्हणून.

पण निवड करताना मी एकूण रकमेपेक्षा दुसरंच पाहते: योजना कुठे मोडू शकते? सारख्या हप्त्याच्या वाटेत अंतिम रकमेचा जवळजवळ अर्धा भाग पहिल्या पाच वर्षांच्या हप्त्यांतून उभा राहतो. मूल लहान असताना घरखर्चाची ओढाताण असते आणि नेमके तेव्हाच हप्ते चुकतात. ते चुकले तर नंतर भरून काढणं फार जड जातं. चढत्या हप्त्यात पहिल्या पाच वर्षांचा वाटा 36 टक्क्यांच्या आसपास राहतो.

चढत्या हप्त्याचा धोका वेगळा. तो मध्येच चढायचा थांबतो. पहिली पाच वर्षं वाढ केली आणि पुढे सहावं वर्ष धरून हप्ता 7,350 वरच राहिला, तर शेवटी हातात 26.4 लाख येतात, म्हणजे पाच लाखांहून अधिक कमी. आणि 5,000 कधीच वाढवले नाहीत तर जेमतेम 20 लाख. म्हणून वाढ आठवणीवर सोडू नये. हप्ता सुरू करतानाच वार्षिक वाढीची सूचना देऊन ठेवावी.

आज 7,900 सहज निघत असतील तर सारखा हप्ताच घ्यावा. निघत नसतील आणि पगार दरवर्षी 8 टक्के वाढेल याची खात्री नसेल, तर मला मधली वाट जास्त भरवशाची वाटते: 6,000 पासून सुरुवात आणि वर्षाला फक्त 5 टक्के वाढ. शेवटचा हप्ता 11,900 च्या आत राहतो आणि लक्ष्य तेच गाठलं जातं.

आकडे पडताळताना एक फरक लक्षात ठेवा. बरेच कॅल्क्युलेटर 10 टक्क्यांना सरळ 12 ने भागतात. तसं केलं की वर्षाचा परतावा प्रत्यक्षात 10.47 टक्के धरला जातो आणि 7,900 ऐवजी 7,600 च्या आत रक्कम दिसते. स्प्रेडशीटमध्ये महिन्याच्या सुरुवातीला भरण्याचा हप्ता असा काढता येतो:

```
=-PMT(1.1^(1/12)-1,180,0,3172169,1)
```

फी एकदम नाही, चार वर्षांत भरायची असते, आणि त्या काळातही ती वाढतच राहते. उरलेल्या पैशावर 8 टक्के मिळत राहिले तर 31.7 लाख पुरतात. पण तोवर पैसे सुरक्षित ठिकाणी हलवलेले असतील आणि 6 टक्केच मिळत असतील, तर सुरुवातीला 32.6 लाख हवेत.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो फीवाढीच्या दराने. 8 ऐवजी 10 टक्के धरले की लक्ष्य 41.8 लाख आणि सारखा हप्ता 10,400 होतो. त्यामुळे हा दर सर्वसाधारण महागाईवरून उचलू नये. ज्या प्रकारचं शिक्षण मनात आहे त्याची दहा वर्षांपूर्वीची आणि आजची फी मिळवावी. तेव्हा 4.63 लाख आणि आज 10 लाख असेल, तर वाढ वर्षाला 8 टक्के निघते:

```
=(10/4.63)^(1/10)-1
```

हा हिशेब दरवर्षी नव्या फीने करावा. समजा पहिली पाच वर्षं फी 10 टक्क्यांनी वाढली आणि पुढे 8 वर आली. लक्ष्य सुमारे 3 लाखांनी वर सरकतं. पाचव्या वर्षाच्या अखेरीस हे लक्षात आलं तर उरलेली दहा वर्षं दरमहा सुमारे 1,500 जास्त भरून भागतं. दोनच वर्षं उरलेली असताना लक्षात आलं, तर त्याच 3 लाखांसाठी दरमहा सुमारे 11,500 जास्तीचे लागतात.