टाकी काठोकाठ, तरी गाडी म्हणते ‘डीईएफ तपासा’ : चौदा महिन्यांनंतर

डिझेल गाडी छान आहे. खेच, मायलेज, सीट यांवर सगळ्यांनीच लिहिलंय, त्यामुळे ते सोडून देतो. मला फक्त एका पिवळ्या दिव्याबद्दल बोलायचंय, कारण गेले तीन महिने त्यानेच खाल्ले.

सुरुवात दिव्याने झालीच नाही. आधी डीईएफ, म्हणजे धूर साफ करायला एक्झॉस्टमध्ये फवारला जाणारा युरियाचा द्राव, जास्त संपायला लागलं. मी प्रत्येक भरणीची नोंद ठेवतो (हसा खुशाल), आणि जे आधी ८,००० किमी पुरायचं ते ५,५०० किमीतच संपलं. मला वाटलं टाकी गळतेय. खाली वाकून पाहिलं तर सगळं कोरडं. मग एक दिवस टाकी काठोकाठ भरून निघालो आणि वीस मिनिटांत स्क्रीनवर आलं: डीईएफ प्रणाली तपासा, ८०० किमीनंतर इंजिन सुरू होणार नाही.

भरलेल्या टाकीवर हा संदेश! सर्व्हिस सेंटरने निदान केलं: द्राव भेसळीचा, टाकी उपसा. स्कॅनरवर कोड होता P20EE, म्हणजे या द्रावाच्या मदतीने धूर साफ करणाऱ्या उत्प्रेरकाची कार्यक्षमता कमी. उपसून झालं, नवा द्राव भरला, कोड पुसला. चार दिवसांनी दिवा परत. आता म्हणे उत्प्रेरकच बदला. इथे माझ्यातला कंजूष जागा झाला.

आधी उरलेला द्राव रिफ्रॅक्टोमीटरवर पाहिला. युरिया ३२.५ टक्के, जसा हवा तसा. मग स्वतःच्या स्कॅनरवर धुरातलं नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड, मोजणाऱ्या दोन्ही सेन्सरचे आकडे बघत बसलो. एक सेन्सर उत्प्रेरकाच्या आधी, दुसरा नंतर. गाडीचा कॉम्प्युटर टाकीतला द्राव चाखून पाहत नाही, तो निकालावरून ठरवतो: आत किती नॉक्स गेलं, बाहेर किती आलं. फरक कमी दिसला की त्याला वाटतं, द्राव पातळ तरी आहे, पोचत तरी नाही, नाहीतर उत्प्रेरक मेला. टाकीची पातळी मोजणारा सेन्सर वेगळाच, त्याचा या हिशेबाशी संबंध नाही.

गरम इंजिन, एकसारखा वेग: आधी ३८० पीपीएम, नंतर १७०. म्हणजे ५५ टक्केच साफ झालं. मीही क्षणभर म्हटलं, गेला उत्प्रेरक. मग लांब उतारावर गियरमध्येच ॲक्सिलरेटर सोडला. इंधन बंद, म्हणजे नॉक्स तयारच होत नाही. पुढचा आकडा काही सेकंदांत शून्याजवळ आला. मागचा १३० वर जाऊन ठाण मांडून बसला, दहा सेकंदांनीही, वीस सेकंदांनीही. तीन वेळा करून पाहिलं.

हे १३० खोटे. ते वजा केले तर बाहेर खरे ४० पीपीएम, आणि साफसफाई ८९ टक्के. उत्प्रेरक ठणठणीत होता!

सेन्सरचा कोड का आला नाही? कारण तारा शाबूत, हीटर चालू, आकडाही शक्य वाटणारा. विजेच्या दृष्टीने तो ‘बरा’ आहे, फक्त खोटं बोलतो. आणि जास्त संपलेल्या द्रावाचं उत्तरही इथेच मिळालं. मागचा आकडा वाढला की कॉम्प्युटर जास्त फवारतो. जास्त युरिया म्हणजे जास्त अमोनिया, आणि हा सेन्सर सुटून आलेल्या अमोनियालाही नॉक्सच समजतो. आकडा आणखी वाढतो. (म्हणूनच उतारावर थांबून पाहिलं: साठलेला अमोनिया असता तर आकडा हळूहळू तरी खाली सरकला असता.)

माझा मूर्खपणाही नोंदवतो. सेन्सर काढून क्लीनरने धुतला. दिवा दोन दिवस गेला, मी खूश. खरं तर मी कोड पुसला होता म्हणून गेला; तपासणीची फेरी पुन्हा पूर्ण झाली आणि आला परत. आतली सिरॅमिक सुमारे ८०० अंशांवर तापलेली असते. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला तर तडा जातो. धुवून हे दुरुस्त होत नाही.

शेवटी सेन्सर त्याच्या कंट्रोल बॉक्ससकट बदलला, कारण दोघे कारखान्यात एकत्र जुळवलेले असतात. स्कॅनरवरून जुनी शिकलेली मूल्यं रिसेट केली. आता उतारावर मागचा आकडा ४-५.

आधी याच यंत्रणेला एक तारा देणार होतो, आता तीन देतो. फवारणी, उत्प्रेरक, पंप सगळं चोख निघालं. दोन तारे मात्र त्या संदेशाचे कापले. ‘मागच्या सेन्सरचं वाचन संशयास्पद’ एवढं त्याला लिहिता आलं असतं, तर माझा चांगला भरलेला द्राव उपसून टाकला गेला नसता. आता एक भरणी ७,९०० किमी पुरली. नोंद आहे.