जुन्या मालकाचं खातं मागणारा सेकंडहँड फोन: काही महिन्यांच्या वापरानंतर

सॅमसंगचा मधल्या किमतीचा फोन, जुना, थेट आधीच्या मालकाकडून घेतलेला. बॅटरी दिवसभर टिकते, कॅमेरा उजेडात चांगला, रात्री बेताचा. स्पेसिफिकेशन सगळीकडे मिळतात, ती इथे उगाळत नाही. या फोनबद्दल लिहावं असं एकच प्रकरण आहे. हातात आल्यावर चालू केला, वायफाय जोडलं आणि समोर हे आलं:

```
This device was reset. To continue, sign in
with a Google Account that was previously
synced on this device.
```

पहिलं मत साधं होतं: पैसे मोजलेली वस्तू आपली, मग दुसऱ्याचं खातं कशाला? एकच तारा द्यायचा. पुढे ते मत बदललं, पण आधी हे कुलूप काय आहे ते सांगतो.

याला एफआरपी म्हणतात, फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. फोनवर गूगल खातं आणि स्क्रीन लॉक असलं की ते आपोआप लागतं, वेगळं बटण दाबावं लागत नाही. मालकाने फोन उघडून सेटिंग्जमधून रिसेट केला तर कुलूपही निघतं, कारण पिन टाकणारा तोच आहे हे फोनला कळतं. पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं धरून रिकव्हरीतून रिसेट केला तर फोटो, ॲप, मेसेज सगळं जातं, पण खात्याची खूण राहते. ती वेगळ्या छोट्या विभागात असते आणि रिकव्हरीतला रिसेट त्या विभागाला हात लावत नाही. म्हणून ‘पुन्हा फॉरमॅट मारून बघा’ या सल्ल्याचा काडीचा उपयोग नाही. दहा वेळा मारा, दहाही वेळा तोच पडदा येणार.

इथेही नेमकं तेच झालं होतं. फोन विकणाऱ्याकडे बराच काळ पडून होता, पिन आठवेना, म्हणून त्यांनी बटणांनी साफ करून पाठवला. बेइमानी नाही, अर्धवट माहिती.

अशा वेळी विकणाऱ्याकडे पासवर्ड मागायच्या आधी जुना पिन किंवा पॅटर्न मागा. नव्या अँड्रॉइडमध्ये बहुतेक वेळा तो टाकायची सोय त्याच पडद्यावर असते. पिन जुळला की पुढची वाट मोकळी, आणि समोरच्याला आपल्या मेलची किल्ली परक्या हातात द्यावी लागत नाही. पिन आठवतच नसेल तर मात्र खात्याशिवाय गत्यंतर नाही.

विकणारे कोल्हापूरला आणि फोन पुण्यात. आयफोन असता तर मालकाने कोल्हापुरात बसून `iCloud.com/find` वरून तो आपल्या खात्यातून काढून टाकला असता, आणि पासवर्ड कोणाला सांगायची वेळ आली नसती. अँड्रॉइडमध्ये ही सोय नाही, आणि माझी खरी चिडचिड इथेच आहे. मालकाने लांबून फोन पुसला तरी पुढच्या वेळी खातं मागितलं जातंच. म्हणजे एक तर मालकाने समोर येऊन स्वतः पासवर्ड टाकायचा, नाही तर फोनवर बोलत बोलत एकमेकांवर विश्वास ठेवायचा.

विश्वासाचा मार्ग असा. विकणाऱ्याने आपल्या खात्याचा पासवर्ड बदलून तात्पुरता ठेवायचा, आणि मग चोवीस तास थांबायचं. नवा पासवर्ड ठेवल्याबरोबर असा लॉक झालेला फोन उघडायला गेलं तर गूगल अडवू शकतं, आणि लोक पासवर्डच चुकला समजून वीस वेळा टाकत बसतात. दुसऱ्या दिवशी पासवर्ड टाकला की द्विस्तरीय पडताळणी सुरू असल्यास विकणाऱ्याच्या सध्याच्या फोनवर विचारणा येते. त्यामुळे त्यांना कॉलवर ठेवा. ‘सर, आता तुमच्याकडे आकडा येईल, तेवढा बघून हो म्हणा’ एवढं सांगितलं की काम होतं.

यापुढची पायरी लोक हमखास विसरतात. पासवर्ड चालल्यावर विकणाऱ्याचं खातं आता या फोनवर बसलेलं असतं. त्यांचे कॉन्टॅक्ट, मेल तुमच्याकडे उतरायला लागतात. काही उघडू नका, वापरायला सुरुवातही करू नका. सेटअप पूर्ण करून आधी ते खातं सेटिंग्जमधून काढा, आणि मग लगेच रिसेट करा:

```
Settings > General management > Reset
> Factory data reset
```

सॅमसंगचं वेगळं खातं आत असेल तर त्याचाही पासवर्ड इथे मागितला जातो. ते विकणारे कॉलवर असतानाच उरका. रिसेटनंतर फोन चालू झाला की एक गोष्ट बारकाईने बघा: गूगल खात्याच्या पडद्यावर `Skip` दिसतंय का? कुलूप असलेल्या फोनवर ते नसतं. `Skip` दिसलं की आपलं खातं टाकून कामाला लागा. विकणाऱ्याने त्याच वेळी पासवर्ड पुन्हा बदलायचा आणि `myaccount.google.com/device-activity` वर जाऊन हा फोन साइन आउट करायचा. दोघांच्याही डोक्याला ताप नको.

आता मत बदललं ते कशामुळे. या सगळ्या धावपळीत बाजारात ‘एफआरपी काढून देतो’ म्हणणारे बरेच भेटतात. ते पळवाटेने सेटअप ओलांडून देतात, कुलूप तसंच राहतं. अँड्रॉइड १५ पासून तर सेटअप ओलांडला तरी फोन पडताळणी मागत राहतो, नवं खातं किंवा पिन ठेवू देत नाही. त्यासाठी टाकलेली अनोळखी ॲप फोनमध्ये काय करून ठेवतात ते वेगळंच. कुलूप इतकं घट्ट आहे म्हणूनच चोरीच्या फोनला गिऱ्हाईक कमी मिळतं, हे पटल्यावर गूगलवरचा राग ओसरला. एका ताऱ्याचे साडेतीन झाले.

विकणारा सापडतच नसेल तर आधी फोन चोरीचा आहे का ते बघा. आयएमईआय म्हणजे फोनचा १५ अंकी ओळख क्रमांक. फोन लॉक असल्याने तो दाखवणारा `*#06#` चालेलच असं नाही, तेव्हा खोक्यावर, बिलावर किंवा सिमच्या ट्रेवर शोधा. मग हा एसएमएस १४४२२ वर पाठवा:

```
KYM <15 अंकी IMEI>
```

ब्लॅकलिस्ट असं उत्तर आलं तर फोन पोलिसांकडे द्या. तो पुढे विकणं अंगाशी येईल, कारण चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. उत्तर स्वच्छ आलं तरी पूर्ण निश्चिंत होऊ नका. तक्रार नोंदवलेलीच नसेल तर चोरीचा फोनही इथे स्वच्छ दिसतो.

मूळ बिल आयएमईआयसकट हाती असेल तर ते आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात विचारून बघा. नुसत्या हातचिठ्ठीवर तिथे दाद लागेल अशी आशा धरू नका. दुकानातून घेतला असेल तर पैसे परत मागा, नाही म्हणाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या मालाला ती वाट फारशी उपयोगी नाही. तिथे चॅट, पैसे पाठवल्याची नोंद आणि लेखी मागणी एवढंच हातात उरतं.

दीड तारा अजूनही कापलेला आहे, तो लांबून कुलूप काढायची सोय नाही म्हणून. फोन मात्र मस्त चाललाय. पुढचा घेताना पैसे देण्याआधी विकणाऱ्याला समोर बसवून सेटिंग्जमधून रिसेट करायला लावणार आणि `Skip` दिसल्यावरच यूपीआय उघडणार.